दहा कुंड्यांचा गुन्हा

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात, मग विषय बदलतात. मुलं जे बोलतात त्याला मी गुण देतो. म्हणजे मास्तर का? नाही. मास्तराला उत्तर बरोबर की चूक ते बघावं लागतं. मला नेमकं तेच बघायला बंदी आहे.

आमचं केंद्र म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या टोकाला दोन खोल्या. दोन टेबलं, एक खिडकी, आणि लाथ घातल्याशिवाय बंद न होणारं एक लोखंडी कपाट. बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, बहात्तर मुलं निवडली होती. प्रत्येकाला सहाव्या वर्षी भेटायचं, मग नवव्या, बाराव्या, पंधराव्या. दर वेळी गोष्टी सांगायच्या आणि विचारायचं, यानं काय करायला हवं होतं? आणि मूल काहीही म्हणालं तरी पुढचा प्रश्न ठरलेला. का? त्याचं उत्तर आलं की परत, का? मूल कंटाळेपर्यंत, पण उत्तर त्याच्या तोंडात न घालता. मग ते टेपवरून टाइप व्हायचं, नाव काढून नंबर टाकायचा, वय कापून टाकायचं. शेवटच्या मुलाची शेवटची मुलाखत संपेपर्यंत एकाही कागदाला गुण द्यायचे नाहीत, असा बाईंचा दंडक. वय कळलं की तपासणारा मुलाच्या विचाराची पायरी, म्हणजे त्याचे गुण, आधीच मनात ठरवून बसतो, असं त्या म्हणायच्या, आणि माणसांबद्दल त्यांचं मत एकूणच फारसं बरं नव्हतं.

तपासणारे आम्ही दोघं. एक मी, आणि दुसरा तराजू. एका वाक्याला गुण द्यायला तो पाऊण तास घ्यायचा, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. नियम सोपा होता. मूल काय करावं म्हणतं ते सोडून द्यायचं, का करावं म्हणतं ते धरायचं. दोन मुलं एकदम उलट बोलली तरी एकाच पायरीवर असू शकतात. एक म्हणतं चोरी करू नये, कारण मार बसतो. दुसरं म्हणतं करावी, कोण बघतंय. दोघांचंही लक्ष काठीकडेच. एक तिला घाबरतंय, दुसरं तिला चुकवतंय, एवढाच फरक.

बावीस वर्षं मी हे करतोय, या बहात्तरांआधी आणि त्यांच्या जोडीला दुसऱ्या पाहण्यांतही. हजारो मुलांना 'का' विचारून झालं. घरी मात्र मी एकच मूल वाढवलं आणि ज्या दिवशी विचारायला हवं होतं त्या दिवशी ते विचारलं नाही.

घरी आता मी एकटा आणि भिंतीवरचं घड्याळ. ते पाच मिनिटं पुढे असतं. बायकोनं मुद्दाम पुढे ठेवलेलं, मला कुठेच वेळेवर पोचता येत नाही म्हणून. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी, तिला आम्ही खारू म्हणायचो, कारण लहानपणी खिशात पेन्सिलीचे तुकडे, बटणं, काय काय साठवायची, ती त्यानंतर चार महिन्यांनी मावशीकडे राहायला गेली. दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलास का? जेवलो. थंडी आहे का? आहे. तब्येत? बरी. मग दोघंही समोरच्यानं फोन ठेवायची वाट बघतो. ती परत या घरात पाय ठेवेल की नाही, मला माहीत नाही. विचारायची छाती नाही.

झालं असं होतं. बायकोला स्वादुपिंडाचा रोग निघाला, फार पुढे गेलेला. तिनं तो माझ्यापासून लपवला. मी दुसऱ्या एका पाहणीसाठी गावोगावच्या शाळा फिरत होतो, लोकांच्या मुलांना गोष्टी सांगून 'का' विचारत. तपासण्यांना ती खारूला सोबत नेत होती आणि मला सांगत होती, रक्त कमी आहे, गोळ्या चालू आहेत. शेवटच्या आठ दिवसांत मला कळलं. आणि हेही कळलं की चौदा वर्षांच्या माझ्या पोरीला ते नऊ आठवडे माहीत होतं.

सगळं आटोपल्यावर मी तिला समोर उभं केलं आणि म्हणालो, "तू खोटं बोललीस. माझ्या घरात खोटं चालत नाही."

तिच्या बाजूनं काही बोलणं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खारू त्या बहात्तर मुलांत होती. ती सहा वर्षांची असताना बाईंना एक मूल कमी पडत होतं, एवढंच कारण. अट अशी की तिची मुलाखत मी घ्यायची नाही, ऐकायची नाही, तपासायची नाही. तिचे कागद तराजूकडे आणि बाईंकडे. तिचा नंबरही मला ठाऊक नव्हता. आणि प्रत्येक मुलाला आमची विचारणारी बाई सुरुवातीलाच शब्द द्यायची, तू इथे जे बोलशील ते घरी कळणार नाही.

या महिन्यात तराजूला गालगुंड झालं. बावन्नाव्या वर्षी! कान धरून हसावं की रडावं कळेना. त्याचा ढीग माझ्या टेबलावर आला, आणि त्यातून खारूचे कागद वगळायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्यात टायपिस्ट नवीन. मुलगी गुणाची, फक्त नको तिथे व्यवस्थित. एकाच नंबरचे चार कागद चार ढिगांत पडलेले तिला बघवेनात, म्हणून तिनं सगळे शोधून, एकत्र लावून, टाचण्या मारून ठेवले. बारा वर्षांची आमची खबरदारी तिनं दुपारच्या चहाआधी मोडीत काढली. मी कपाळाला हात लावला आणि वरची फाइल उघडली. नंबर एकेचाळीस.

पहिल्या कागदावर लहान मुलांची गोष्ट होती. एक मूल आईला मदत म्हणून झाडांना पाणी घालायला जातं, फळी कलंडते आणि दहा कुंड्या फुटतात. दुसरं मूल, हात लावू नको म्हणून सांगितलेली कात्री घ्यायला फळीवर चढतं आणि एक कुंडी फुटते. जास्त चूक कुणाची?

"दहावाल्याची."

का?

"कारण दहा जास्त असतात."

पण तो मदत करत होता ना?

"हो. पण दहा फुटल्या."

आई कुणाला जास्त रागवेल?

"दहावाल्याला. खूप रागवेल. म्हणून त्याचीच चूक."

पुढे गोट्यांच्या खेळाबद्दल विचारलं होतं. खेळणाऱ्या सगळ्यांनी ठरवलं तर नियम बदलता येईल का? नाही. का? "मोठ्या लोकांनी केलेत. बदलले तर तो खेळच खोटा."

मी मार्गदर्शक वही न उघडताच पहिली पायरी लिहिली. इतकं स्वच्छ उत्तर पुस्तकातसुद्धा मिळत नाही. या वयाला नियम म्हणजे भिंत. कुणीतरी बांधलेली, कायमची. आणि गुन्हा मोजायचा तो नुकसानाच्या मापानं. मनात काय होतं हे त्यांना विचारलं तर सांगता येतं, पण निकाल देताना ते वजनात धरत नाहीत.

दुसरा कागद, बहुधा नऊ वर्षांचा. कुंड्यांची गोष्ट आता मुलानं उडवूनच लावली होती. "त्यानं मुद्दाम नाही केलं, मग त्याची कसली चूक? कात्रीवाला लबाड." मग पुलाची गोष्ट. पूल जुना झालाय, अंधार पडल्यावर फाटक उघडायचं नाही असा हुकूम आहे. पहारेकरी बसलाय. एक सुईण येते, पलीकडे एक बाई अडली आहे, मला जाऊ दे म्हणते. त्यानं काय करावं?

"उघडावं."

का?

"उद्या त्याच्या बायकोला लागली तर तीच सुईण येईल. नाही उघडलं तर ती म्हणेल, जा आता."

आणि वरिष्ठांना कळलं तर?

"मग त्यानं आधी बघावं कुणी बघतंय का."

मला हसू आलं. दुसरी पायरी. तू माझं काम कर, मी तुझं करतो. मुलांच्या जगात हा मोठा शोध असतो, समोरच्यालाही काहीतरी हवं असतं याचा. फक्त अजून तो बाजारातला शोध आहे.

तिसऱ्या कागदावर त्याच मुलानं उत्तर फिरवलं होतं. "उघडू नये."

नवख्या तपासणाऱ्याला इथे वाटतं, मूल मागे गेलं. आधी दयाळू होतं, आता कठोर झालं. पण कारण वाचायचं. "पलीकडच्या गावानं त्याच्यावर विश्वास ठेवलाय. तो म्हणेल हिचं काम खरं आहे, उद्याचा पहारेकरी म्हणेल त्याच्या मित्राचं खरं आहे, मग हुकूम कशाला काढला? सगळ्यांनी आपापलं बघून नियम मोडला तर कुणालाच कुणाचा भरवसा राहणार नाही." हे मागे जाणं नव्हतं. इथे पहिल्यांदा समोरचा एक माणूस सोडून सगळं गाव दिसायला लागतं. तिसरी संपून चौथी सुरू. मी पेन्सिलीनं समासात रेघ मारली आणि पुढचं वाक्य वाचलं.

"आमच्या घरी घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. बाबा म्हणतो ते खोटं नाही, कारण घरात सगळ्यांना माहीत आहे. पण पाहुण्यांना माहीत नसतं. मग ज्याला माहीत नाही त्याच्याशीच आपण खोटं बोलतो ना?"

पेन्सिल माझ्या हातातून पडली. घरंगळत टेबलाच्या कडेला गेली. मी उचलली नाही.

नियमात हेही लिहिलेलं होतं. मूल ओळखीचं निघालं तर तिथेच थांबायचं, फाइल बंद करायची, बाईंच्या खणात ठेवायची. हे कलम माझ्याच हस्ताक्षरात आहे. बारा वर्षांपूर्वी मीच ते वहीत घातलं होतं, मोठ्या तोऱ्यात.

मी पान उलटलं.

पंधराव्या वर्षाची मुलाखत लांबलचक होती. पुलावर आता ती सहज उत्तर देत नव्हती. "आधी मला सांगा, हुकूम कशासाठी काढला? लोकांचे जीव वाचावेत म्हणून. मग ज्या जिवासाठी हुकूम काढला त्याच्याच आड तो येत असेल, तर हुकूम पाळून आपण काय पाळलं?" म्हणजे उघडावं? "उघडावं, पण चोरून नाही. सुईणीला आधी सांगावं, पूल कच्चा आहे, तुझाही जीव जाऊ शकतो. जीव तिचा आहे, ठरवू दे तिला. एकावेळी एकच माणूस सोडावा. आणि सकाळी स्वतः जाऊन सांगावं, मी उघडलं. शिक्षा झाली तर घ्यावी. लपवलं तर ते फक्त मोडणं झालं."

या वयाला असं उत्तर क्वचित येतं. बावीस वर्षांत मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. नियम मोडायचा, पण नियम ज्यासाठी असतो ते न मोडता. आणि प्रत्येक माणसाच्या जागी उभं राहून बघायचं, की मी हा असतो तर मला हा निकाल मान्य झाला असता का. बाई नेहमी बजावतात की पायरी म्हणजे चांगुलपणा नव्हे. वरच्या पायरीवरचा माणूसही लबाड असू शकतो. त्याला फक्त जास्त माणसं एकदम दिसतात.

शेवटचा प्रश्न गोष्टीतला नसतो. तुझ्या आयुष्यात असं कधी घडलंय का, की काय योग्य ते तुला ठरवावं लागलं?

"हो. माझ्या आईला रोग झाला होता. तिनं मला शपथ घातली की बाबाला सांगायचं नाही."

मग तू काय केलंस?

"नाही सांगितलं."

का?

"लगेच नाही ठरवलं. आधी आईशी भांडले. तीनदा विचारलं, नक्की का? ती म्हणाली, मला नऊ-दहा आठवडे आहेत. ते मला नेहमीसारखे हवेत. तो चहात साखर कमी म्हणून कुरकुर करतोय, बस सुटल्यावर पोचतोय, असे. त्याला कळलं की तो माझ्याकडे बघून रडेल, नाहीतर प्रश्न विचारत बसेल. मग मी डॉक्टरांना एकटी भेटले. विचारलं, बाबाला सांगितलं तर उपचारात काही फरक पडेल का? ते म्हणाले, नाही. पडणार असता तर शपथ मोडून मी सांगितलं असतं. ते मी आईलाही सांगून ठेवलं होतं. आणि तुला शुद्ध राहिली नाही की त्या दिवशी सांगणार, हेही. तसंच सांगितलं."

आणि बाबांचा विचार केलास?

"रोज. मी बाबा असते तर मला कळायला हवं होतं. मी आई असते तर नको होतं. दोघांच्या जागी उभं राहून बघितलं. मरण तिचं होतं, म्हणून तिचं पारडं जड धरलं. पण बाबाचं पारडं रिकामं नव्हतं. त्याचे नऊ आठवडे गेले. ते मी घेतले. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. दुसरं काही त्याहून बरोबर नव्हतं, एवढंच."

हे त्यांना सांगितलंस?

"त्यानं विचारलं नाही. तो सगळ्यांच्या मुलांना विचारतो. मी थांबलेय. विचारेल कधीतरी."

खाली विचारणाऱ्या बाईनं कंसात टीप केली होती, मूल रडले, टेप चार मिनिटे बंद.

मी पानं मागे उलटत गेलो. समोर पहिला कागद होता. कारण दहा जास्त असतात. माझं नुकसान एवढं मोठं झालं होतं की मी फुटलेल्या कुंड्याच मोजल्या. मनात काय होतं ते विचारलं नाही. खोटं बोलायचं नाही हा घरचा नियम, मोठ्यांनी केलेला, आणि तो मोडला की मोडला. वहीतून काढलेलं पहिल्या पायरीचं उदाहरण मी माझ्या बायकोच्या खुर्चीशेजारी उभं राहून माझ्या पोरीच्या तोंडावर फेकलं होतं. तिनं नवव्या वर्षापर्यंत सोडलेली पायरी मी सत्तेचाळिसाव्या वर्षी धरून बसलो होतो.

आणि मग लाज वाटावी असा एक विचार आला. फार सोपं होतं. टाचण्या काढायच्या, कागद तराजूच्या ढिगात सरकवायचे, रविवारी फोन आला की आवाज जरा दाटल्यासारखा करून विचारायचं, खारू, तेव्हा का नाही गं सांगितलंस? तिला तीन वर्षं जे हवं होतं ते मिळालं असतं. मला मुलगी मिळाली असती. कुणाचंही नुकसान नाही. कुणी बघतंय का ते बघितलं, की झालं.

ती ज्याची वाट बघत होती तो प्रश्न मी तिच्याच खिशातून चोरून तिला भेट देणार होतो. तिला वाटलं असतं, बाबाला आपण होऊन सुचलं. घड्याळ पाच मिनिटं पुढे, आणि तिला एकटीला माहीत नाही.

पण खरं सांगितलं तर ती फोन ठेवेल आणि रविवारही जाईल, ही भीती खोटी नव्हती. आठवड्यातलं ते "जेवलास का" सोडलं तर माझ्याकडे दुसरं काय होतं?

मी एका चिठ्ठीवर लिहिलं, नंबर एकेचाळीस माझी मुलगी आहे. ओळखल्यावरही शेवटपर्यंत वाचलं. माझे गुण रद्द धरावेत. चिठ्ठी फाइलला लावून बाईंच्या खणात ठेवली. कपाटाला लाथ घातली आणि घरी आलो. दिवा लावला, फोन लावला. मंगळवार होता.

"काय झालं?" खारूनं उचलताक्षणी विचारलं. "बरा आहेस ना?"

"बरा आहे. एक सांगायचंय. तुझी फाइल आज माझ्याकडे आली. चुकून. घड्याळाचं वाचलं आणि ओळखलं. तिथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं. दार लोटल्याचा आवाज आला, भांडी बंद झाली.

"शेवटचा प्रश्नही वाचलास?"

"हो."

"त्या विचारणाऱ्या बाईनं मला शब्द दिला होता, घरी कळणार नाही म्हणून."

"मी मोडला तो."

मी फोन कानाला घट्ट धरून उभा होतो. तिच्या जागी मी असतो तर ठेवून दिला असता. ठेवलाच होता म्हणा, एका परीनं, तीन वर्षांपूर्वी.

"का?" ती म्हणाली.

बावीस वर्षांत या प्रश्नाची इतकी उत्तरं वाचली आहेत की कुठल्या पायरीचं हवं ते सांगा, मी देतो. बापाचा हक्क म्हणता आलं असतं. आपलं नातं सावरावं म्हणून, असंही म्हणता आलं असतं, आणि गुण बरे पडले असते.

"एकटं वाटत होतं म्हणून," मी म्हणालो. "कागदावर का होईना, तुझा आवाज येत होता. सोडवेना."

"ही दुसरी पायरी झाली, बाबा."

"फार तर दुसरी. तराजू काट्यावर धरेल."

तिच्याकडून एक आवाज आला. हसली की रडली, मला कळलं नाही.

"मला राग आलाय तुझा," ती म्हणाली. "तो राहील काही दिवस."

"राहू दे."

"आता विचार."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

"खारू, उत्तर मी वाचलंय."

"ते त्या विचारणाऱ्या बाईला सांगितलं होतं. तुला नाही सांगितलं."

मी भिंतीजवळची खुर्ची ओढून बसलो. तिची आई बसायची ती.

"का नाही सांगितलंस मला?"

ती पहिल्या तपासणीच्या दिवसापासून सांगू लागली. मी तिला मधे एकदाही तोडलं नाही.